४०१३ चा एलईडी हात जवळ नेला की आपोआप लागतो-विझतो. न वापरलेल्या पिनांचं काय करायचं?

एकबटण
एका बटणाने चालू-बंद होणारा एलईडी, ४०१३ या फ्लिप-फ्लॉप आयसीवर, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर. जोडणी अशी: पिन ५ (डी) पिन २ ला (क्यू-बार). बटण व्हीडीडी आणि पिन ३ (क्लॉक) यांच्यामध्ये, पिन ३ वरून १० के ग्राउंडला आणि त्याला समांतर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. पिन १ (क्यू) वरून १० के ने ट्रान्झिस्टरचा बेस, ट्रान्झिस्टरवर एलईडी. १४ ला प्लस, ७ ला मायनस.
सेट (६) आणि रीसेट (४) मला लागत नाहीत म्हणून मोकळ्या ठेवल्यात. आयसीचा दुसरा अर्धा भागही रिकामाच आहे.

अडचण: बटण न दाबताही एलईडी लागतो, विझतो. बोर्डाच्या दोन-तीन इंचांवर हात नेला की हमखास. शिवाय एलईडी बंद असतानाही बॅटरीतून दीड ते अडीच मिलिअँपिअर जातायत आणि तो आकडा स्थिर नाही, हात हलवला की नाचतो. आयसी बदलून पाहिला, तेच. सर्किट तर सगळीकडे असंच काढलेलं दिसतं.

पीसीबी_वेडा
बटण बाउन्स होतंय. कपॅसिटर १ मायक्रोफॅरड करा, सुटेल प्रश्न.

एकबटण
बटण दाबतच नाहीये हो. बटणाची वायर काढून ठेवली तरी होतं.

डाखकाम
बटणाकडे नंतर येऊ. आधी ४ आणि ६.

"लागत नाहीत" आणि "जोडायची गरज नाही" यात फरक आहे. ४०१३ मध्ये सेट आणि रीसेट क्लॉकची वाट बघत नाहीत. त्या पिनेवर हाय आलं की त्या क्षणी आउटपुट बदलतं. तुम्ही त्या पिना बंद केलेल्या नाहीत, हवेच्या हवाली केल्यात.

एक तपासणी करा. एलईडी वेडेपणा करत असताना पिन १ आणि पिन २ चं व्होल्टेज पाहा. त्या एकमेकींच्या उलट असायला हव्यात. दोन्ही एकाच वेळी हाय दिसल्या तर शंकेला जागाच नाही, कारण ४०१३ मध्ये ते फक्त सेट आणि रीसेट दोन्ही हाय असतानाच होतं. बटणाने किंवा क्लॉकने ती अवस्था कधीच येत नाही.

शून्यएक
मोकळी पिन हाय धरली जाते, हा जुना नियम. म्हणून तर तुमचा सेट लागतोय. सगळ्या मोकळ्या पिनांना १० के ने व्हीडीडीला बांधून टाका, विषय संपला. ७४ सिरीजमध्ये आम्ही कायम हेच करत आलो.

डाखकाम
शून्यएक, थांबा. तुमचा नियम टीटीएलचा आहे आणि तिथे तो बरोबर आहे. ७४एलएसच्या इनपुटमधून बाहेरच्या दिशेने थोडा करंट येतो, तो खाली खेचणारं कोणी नसेल तर आत हाय समजलं जातं. सीमॉसच्या इनपुटवर मॉसफेटचं गेट असतं, म्हणजे काचेच्या थराने तोडलेली एक बारीकशी प्लेट. तिथून करंट ना आत ना बाहेर. त्यामुळे मोकळी पिन हायही नसते आणि लोही नसते. मागच्या क्षणी तिथे जो चार्ज होता तो आणि आजूबाजूचं जग, यावर सगळं.

आणि एकबटण, कृपा करून ४ आणि ६ वर पुलअप लावू नका. दोन्ही हाय झाल्या की क्यू आणि क्यू-बार दोन्ही कायमचे हाय, बटण कितीही दाबा.

शून्यएक
७४एचसी७४ वर मात्र तसंच करतात. तिथे तर सीमॉसच आहे.

डाखकाम
हो, कारण तिथे प्रीसेट आणि क्लिअर लो असताना काम करतात. निष्क्रिय ठेवायचं तर हायला बांधायचं. ४०१३ मध्ये त्याच दोन पिना हाय असताना काम करतात, म्हणून त्या ग्राउंडला. काम तेच, दिशा उलटी. आयसी बदलला की ट्रुथ टेबल पुन्हा उघडायचं, सवयीने बांधायचं नाही.

एकबटण
तपासलं. गंमतच आहे.
पिन १ आणि २ खरंच मधूनमधून दोन्ही ९ व्होल्टच्या जवळ दिसतात. पण पिन ६ मोजायला गेलो तर मीटर ० दाखवतो, म्हणजे तिथे लोच आहे! वर मीटर ६ वर लावून ठेवला की एलईडी आपोआप लागायचा थांबतो. विझतो मात्र. मीटर ४ वर नेला की उलट: आपोआप लागतो, पण विझत नाही. मीटर काढला की पुन्हा दोन्ही.

डाखकाम
वा, याहून चांगला पुरावा नको.

डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगओहम असतो. आपल्याला तो "नाहीच" असा वाटतो, पण या पिनेच्या दृष्टीने तो जाडजूड पुलडाउन आहे. काळी प्रोब ग्राउंडला, लाल पिन ६ वर, म्हणजे तुम्ही सेटला १० मेगओहमने ग्राउंडला बांधलंत. सेट गप्प बसला, रीसेट तसाच मोकळा राहिला. मीटर ४ वर नेला की रीसेट गप्प, सेट मोकळा. तुम्ही मोजलेला शून्य पिनेचा नाही, मीटरचा आहे. दहापट प्रोब लावून ऑसिलोस्कोपने पाहिलं तरी हेच, तिचाही रोध १० मेगओहम.

म्हणून मोकळी पिन व्होल्टेज मोजून शोधायच्या फंदात पडू नये. त्यापेक्षा १ मेगओहमचा रेझिस्टर हातात धरा (त्याची तार नाही, अंगावरचं प्लास्टिक धरा). संशयित पिनेला तो एकदा ग्राउंडवरून आणि एकदा व्हीडीडीवरून लावा. पिनेला कोणी नीट चालवत असेल तर १ मेगओहमने तिला ढिम्म फरक पडत नाही. सर्किटचं वागणं बदललं तर ती पिन अनाथ आहे.

निवांत
पण दोन इंचांवरून हाताने कसं काय? स्पर्शही नाही, पिनेला तर करंट लागत नाही म्हणता.

डाखकाम
लागत नाही म्हणूनच. इनपुटची कपॅसिटन्स साधारण ५ पिकोफॅरड. तिथली गळती डेटाशीटच्या नेहमीच्या आकड्यानुसार १० पिकोअँपिअर धरा.

```
dV/dt = I / C = 10 pA / 5 pF = 2 V/s
```

म्हणजे कोणी काही न करताही ती पिन सेकंदाला दोनेक व्होल्ट सरकू शकते, वर की खाली ते गळती कुठल्या संरक्षक डायोडमधून जास्त आहे त्यावर. ४-५ सेकंदांत लोची हाय. म्हणून काही बोर्ड चालू केल्यावर थोडा वेळ शहाण्यासारखे वागतात आणि मग बिघडतात.

आता हात. घरातल्या वायरिंगमुळे आपल्या अंगावर ५० हर्ट्झचं व्होल्टेज बसलेलं असतं, सहज वीस-तीस व्होल्ट. हात आणि पिन यांच्यात समजा १ पिकोफॅरड. आधीच्या ५ बरोबर तो कपॅसिटरचा डिव्हायडर झाला, म्हणजे अंगावरच्या व्होल्टेजचा सहावा हिस्सा पिनेवर. ३० व्होल्ट असेल तर ५ व्होल्ट. ९ व्होल्टच्या सप्लायवर सीमॉसचा उंबरठा साधारण साडेचारला. सेकंदाला ५० वेळा तो ओलांडायला एवढं पुरे.

निवांत
कळलं. मग बॅटरीचं काय? एलईडी बंद आहे, पिनेत करंट जात नाही, मग दोन मिलिअँपिअर जातात कुठे?

डाखकाम
पिनेतून नाही, तिच्या मागच्या जोडीतून. प्रत्येक इनपुटमागे दोन ट्रान्झिस्टर एकावर एक: वरचा व्हीडीडीकडे, खालचा ग्राउंडकडे. पिन पूर्ण हाय असली तर वरचा बंद, पूर्ण लो असली तर खालचा बंद. एक तरी बंद असतो म्हणून सीमॉस काही खात नाही. पिन मध्येच कुठेतरी लटकली की दोन्ही अर्धवट उघडे, आणि व्हीडीडीपासून ग्राउंडपर्यंत सरळ रस्ता. एकबटणांच्या आयसीत अशा सहा पिना आहेत: ४, ६ आणि रिकाम्या भागाच्या ८, ९, १०, ११. प्रत्येकीने थोडं थोडं खाल्लं तरी दोन मिलिअँपिअर सहज.

नेहमीच्या ५०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला हे २५० तास पुरेल, म्हणजे दहा दिवस, आणि तेही दिवा न लावता.

रिकामा अर्धा भाग "वापरतच नाही, त्याचं आउटपुट काही का होईना" हे तर्काने ठीक आहे, पण तो त्याच १४ आणि ७ वर जगतो. त्याचा क्लॉक हवेत ५० हर्ट्झ पकडून आत खडखडाट करत राहिला तर त्याची कुरकुर शेजाऱ्यापर्यंत पोचते. पिन १४ आणि ७ मध्ये आयसीला चिकटून १०० नॅनोफॅरड नसेल तर आणखीच.

बांधणी अशी करा:

```
4, 6          -> 7 (GND)
8, 9, 10, 11  -> 7 (GND)
12, 13        -> मोकळ्या
14 - 7        -> 100nF
```

काम पाच मिनिटांचं आहे. आयसीत ७ च्या बरोबर समोर ८ येते आणि ८ ते ११ ओळीत आहेत. बोर्डाच्या खालून एक उघडी तार ११, १०, ९, ८ वरून ओढत ७ पर्यंत न्या आणि प्रत्येक पिनेवर डाख द्या. ६ आणि ७ शेजारीच, त्यांच्यात डाखेचा पूल चालेल. ४ ला वेगळी छोटी तार लागेल, मध्ये ५ आहे आणि ती २ ला गेलीय. ५ ला चुकून ग्राउंड केलंत तर एलईडी एकदाही लागणार नाही.

पीसीबी_वेडा
१२ आणि १३ पण ग्राउंड करून टाकल्या तर? सगळंच नीटनेटकं.

डाखकाम
नको! ती आउटपुटं आहेत. इनपुटं सगळी लो केल्यावर रिकामा फ्लिप-फ्लॉप सप्लाय येताना कुठल्या तरी एका अवस्थेत बसतो आणि तिथेच राहतो. क्यू आणि क्यू-बार यांपैकी एक नक्की हाय. ती ग्राउंडला बांधली म्हणजे आउटपुट शॉर्ट, कायमचे काही मिलिअँपिअर, म्हणजे आपण ज्यापासून पळतोय तेच. इनपुट कधी मोकळं नाही, न लागणारं आउटपुट कायम मोकळं.

रात्रपाळी
माझंही असंच आहे. ७४एचसी गेटमधून रिले चालवतो, गेटचं इनपुट मायक्रोकंट्रोलरच्या पिनेला आहे. पिन तर जोडलेली आहे, मोकळी नाही. तरी सप्लाय दिल्यावर रिले दोन-तीनदा टकटकतो आणि मग ठीक. हे बहुतेक रिलेच्या कॉइलचं असावं ना? डायोड लावलाय.

डाखकाम
डायोड असला तर कॉइलकडे नंतर बघा. तार जोडलेली आहे म्हणजे पिनेला कोणी चालवतंय असं नाही. बऱ्याच मायक्रोकंट्रोलरच्या पिना रीसेटनंतर इनपुट म्हणून उठतात. तुमचा प्रोग्रॅम तिला आउटपुट करेपर्यंत त्या तारेच्या दोन्ही टोकांना ऐकणारेच आहेत, बोलणारं कोणी नाही. गेटच्या इनपुटजवळ १० के ग्राउंडला लावा (रिले हायवर लागत असेल तर; लोवर लागत असेल तर त्याच गेटच्या व्हीडीडीला). आतला पुलअप प्रोग्रॅममधून चालू करून हे सुटत नाही, कारण तोही प्रोग्रॅम सुरू झाल्यावरच येतो. प्रोग्रॅम भरताना तर ती पिन आणखी बराच वेळ निराधार असते.

रात्रपाळी
अच्छा. प्रोग्रॅम भरताना तो सर्वांत जास्त टकटकतो, आता कळलं का ते. आज रात्री १० के लावतो.

एकबटण
केलं सगळं. टप्प्याटप्प्याने मोजलं, एलईडी बंद ठेवून:
आधी: १.६ ते २.५ मिलिअँपिअर, नाचत.
४ आणि ६ ग्राउंड केल्यावर: साधारण १.१, पण अजूनही हात नेला की हलतो. आपोआप लागणं-विझणं मात्र त्या क्षणी थांबलं.
८ ते ११ ग्राउंड केल्यावर: मिलिअँपिअर रेंजवर ०.००. मायक्रोअँपिअर रेंजवर शेवटचा आकडा कधी ०, कधी १.
मीटर खराब झाला की काय असं वाटलं, म्हणून एलईडी लावून पाहिला!

दोन शंका उरल्यात. एक, बॅटरी जोडली की एलईडी कधी लागलेला असतो, कधी नाही. दोन, दहा-बारा वेळा दाबल्यावर एखाद्या वेळी एकाच दाबात लागून लगेच विझतो.

डाखकाम
पहिली शंका: सेट-रीसेट दोन्ही पक्के लो केल्यावर सुरुवातीला कुठली बाजू घ्यायची हे सांगणारं कोणीच उरलं नाही. एलईडी बंदच उठायला हवा असेल तर पिन ४ ची तार ग्राउंडवरून काढा, तिथे ४ पासून ग्राउंडला १०० के लावा आणि ४ पासून व्हीडीडीला १०० नॅनोफॅरड. सप्लाय येताच कपॅसिटर पिनेला वर ओढतो, रीसेट होतो, आणि १०० के तिला १० मिलिसेकंदांच्या हिशोबाने खाली आणतो. मग ती कायम लो. इथे रेझिस्टर लागतोच, थेट तार चालणार नाही. बॅटरी काढून लगेच लावलीत तर कपॅसिटर रिकामा झालेला नसेल, तेव्हा सेकंदभर थांबा.

दुसरी शंका मोकळ्या पिनेची नाही. आता पीसीबी_वेडा यांचं म्हणणं अर्धं खरं ठरतंय. बाउन्स आहेच, पण कपॅसिटर वाढवून सुटणार नाही. ४०१३ च्या क्लॉकला चढती कड काही मायक्रोसेकंदांत पूर्ण झालेली हवी. तुमचा कपॅसिटर १० के मधून उतरायला मिलिसेकंद घेतो, आणि दाबताना बटण जितक्या वेळा तुटतं-जुळतं तितक्या वेळा व्होल्टेज उंबरठ्याजवळ घुटमळू शकतं. कपॅसिटर मोठा केला की घुटमळणं आणखी लांबतं. मध्ये ४०९३ चं एक गेट घाला: १ आणि २ एकत्र, ३ वरून ४०१३ च्या क्लॉकला. बटण आता ग्राउंडकडे, १०० के व्हीडीडीकडे, १०० नॅनोफॅरड ग्राउंडकडे. दाबताच कपॅसिटर झटकन रिकामा होतो, सावकाश भरतो, आणि गेट त्यातून एकच स्वच्छ कड देतं.

शून्यएक
आणि ४०९३ ची उरलेली तीन गेटं? ती श्मिट आहेत, हिस्टेरेसिस आहे, ती मोकळी सोडली तर चालतात. एवढं तरी मान्य करा.

डाखकाम
अर्धं मान्य. हिस्टेरेसिसमुळे बारीक गोंगाटाने आउटपुट थरथरत नाही, हे खरं. पण हिस्टेरेसिस पिनेला कुठेही बांधून ठेवत नाही. हाताचा ५० हर्ट्झ त्या खिडकीपेक्षा मोठा असू शकतो, आणि पिन मध्यात लटकली असताना आतला करंट वाहतच असतो. थरथर कमी, भूक तीच. ५, ६, ८, ९, १२, १३ सगळ्या बांधायच्या. १२, १३ आणि १४ एका रांगेत शेजारी आहेत, त्या व्हीडीडीला बांधल्या तरी चालतं, आणि ८, ९ समोरच्या ७ ला. अख्खं गेटच वापरात नसेल तर हाय की लो याने काहीही बिघडत नाही, जी तार आखूड पडेल ती.

गेट वापरात असून त्याचं एखादंच इनपुट उरलं असेल तेव्हा मात्र विचार करायचा. नँडचं उरलेलं इनपुट हायला, नॉरचं लोला. उलट केलंत तर आउटपुट एका जागी गोठतं.

निवांत
थेट तार की १० के? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतोय.

शून्यएक
मी १० के च लावणार. उद्या ती पिन वापरायची ठरली तर तार कापत बसायचं का? रेझिस्टर काढला की झालं. आणि चुकून आउटपुटला बांधलं गेलं तरी १० के जीव वाचवतो. ९ व्होल्टला एक मिलिअँपिअरही जात नाही.

डाखकाम
बोर्डावर जागा असेल तर माझी हरकत नाही. सीमॉसच्या इनपुटला त्याच आयसीच्या व्हीडीडीला थेट बांधायला काही धोका नाही, म्हणून मी तार ओढतो. सहा पिनांना सहा रेझिस्टर म्हणजे बारा सांधे जास्त, आणि एक सांधा कोरडा निघाला की पिन पुन्हा हवेत, या वेळी "जोडलेली" दिसत असताना. "हाय" म्हणजे त्याच आयसीची १४ नंबरची पिन, एवढं पाळा. ५ व्होल्टवरच्या आयसीचं इनपुट बॅटरीच्या ९ ला थेट बांधलं तर संरक्षक डायोड उघडतो आणि आयसी जातो.

शून्यएक
हेच तर म्हणतोय. तिथे १० के असता तर आयसी वाचला असता.

डाखकाम
वाचला असता, हे मानतो. तरी तार.

एकबटण
४०९३ लावला. शंभर वेळा दाबलं, एकदाही दुहेरी नाही. पिन ४ वर १०० के आणि कपॅसिटर, बाकी सगळीकडे तार. एक दिसलं: एलईडी लागलेला असताना बॅटरी काढून लगेच लावली की दहातून एकदोनदा तो लागलेलाच उठतो, सेकंदभर थांबलो तर नाही. १०० के च्या जागी ४७ के केला तर फरक पडेल का?

निवांत
रेझिस्टरपेक्षा १४ आणि ७ वरचं व्होल्टेज बॅटरी काढल्यावर किती वेळात उतरतं ते आधी बघा. आता तुमचा आयसी काहीच खात नाही, मग तो १०० नॅनोफॅरड रिकामा कोण करणार?